कान कुठे ठेवायचा? : काऊ-चिऊच्या गोष्टीची श्रुतिका

लोककथेची श्रुतिका करायची म्हटलं, की बहुतेक जण गोष्ट जशीच्या तशी लिहून काढतात, तिच्यावर 'निवेदक' असं नाव घालतात आणि मधेमधे कंसात आवाज भरतात. "चिमणीने दार उघडले. (दार उघडण्याचा आवाज.)" मग श्रोत्याला एकच गोष्ट दोनदा कळते आणि आवाज पुस्तकातल्या चित्रासारखा नुसता शोभेला उरतो. आज आपण एकच गोष्ट घेऊ, सगळ्यांना पाठ असलेली काऊ-चिऊची, आणि तिची सात मिनिटांची संहिता कशी होते ते बघू.

लिहायला बसण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो : श्रोत्याचा कान कुठे आहे? पावसात कावळ्यापाशी, की घरात चिमणीपाशी? छापील गोष्टीत हा प्रश्न येत नाही, कारण सांगणारा दोन्हीकडे असतो. माइक मात्र एका जागी असतो. कान बाहेर ठेवला, तर चिमणीचं प्रत्येक "थांब" निष्ठुर वाटतं. आपण भिजतोय आणि आत कुणाला पर्वा नाही. कान आत ठेवला, तर तीच चिमणी कामाच्या रगाड्यात सापडलेली आई होते आणि दारावरची टकटक कटकट वाटायला लागते. शब्द तेच, गोष्ट वेगळी. मी कान आत ठेवतो. एक तर आत ऐकण्यासारखं पुष्कळ घडतं. दुसरं, आपण चिमणीच्या बाजूचे झालो की दार न उघडण्यात आपलाही हात राहतो, आणि ते मला कावळ्याची कीव करण्यापेक्षा जास्त रंजक वाटतं. फक्त सुरुवातीला, घर वाहून जाईपर्यंत, कान बाहेर. मग एकदाच आत यायचं आणि परत बाहेर जायचं नाही. सात मिनिटांत कान चार वेळा हलवला, तर आपण कुठे आहोत हेच श्रोत्याला कळेनासं होतं.

आता निवेदक. त्याला कामाला लावण्यापूर्वी मूळ गोष्टीतलं एकेक वाक्य घ्या आणि विचारा, हे संवादातून किंवा आवाजातून कळेल का? कळणार असेल तर निवेदकाकडून काढून घ्या. 'पाऊस आला' जातं, 'कावळ्याने दार वाजवलं' जातं, 'चिमणी म्हणाली' तर पहिल्यांदा जातं. राहतं काय? घर शेणाचं आणि मेणाचं, हे राहतं, कारण शेणाला आणि मेणाला आवाज नसतो. वेळ पुढे सरकल्याचं राहतं. या संहितेत निवेदक चारदाच बोलतो, आणि एका वेळी दोन-तीन वाक्यांपलीकडे जात नाही.

निवेदकाचं वाक्य कुठे थांबतं तेही महत्त्वाचं. ते अर्ध्यावर थांबावं आणि उरलेलं आवाजाने पूर्ण करावं. "आणि एके दिवशी..." इथे तो थांबला, की श्रोता पुढचा आवाज कान देऊन ऐकतो. "एके दिवशी खूप मोठा पाऊस आला" असं पुरतं बोलून झाल्यावर येणारा पाऊस कुणी ऐकतच नाही.

पावसाविषयी जरा थांबून बोलतो, कारण नवखी श्रुतिका हमखास तिथेच फसते. नुसत्या मुसळधार पावसाची ध्वनिफीत लहान स्पीकरवर स्टेशन नीट न लागल्यासारखी खरखरते. शिवाय त्या खरखरीत स, श, च ही अक्षरं बुडतात, कारण दोन्हींचा जोर वरच्या पट्टीतल्या कंपनांवर असतो. आपल्या पात्राचं नावच 'चिऊताई' आहे, तेव्हा हे परवडणारं नाही. उपाय असा : पाऊस ऐकवू नका, पाऊस कशावर पडतोय ते ऐकवा. रुंद पानावरचे सुटे थेंब, वळचणीच्या पागोळ्या, साचलेल्या पाण्यात टपकणारं पाणी. आधी गडगडाट, मग सुटे थेंब, मग सर, या क्रमाने पाऊस स्वतःची ओळख पटवतो. एकदा ओळख पटली की सर खाली घ्यायची आणि पागोळी तेवढी ठेवायची. श्रोता बाकीचा पाऊस मनात पाडत राहतो.

इथून एक नियम निघतो. गडगडाट, टकटक, दाराची करकर हे आवाज एकटे आले तरी कळतात, त्यांच्याआधी शब्द नको. शेणाची भिंत खचल्याचा आवाज मात्र कुणाच्या ओळखीचा नाही. ओला कपडा फळीवर टाकला की जो मऊ 'धप्प' येतो, तोच आपण वापरणार. पण त्याच्या आधी कुणीतरी 'भिंत' हा शब्द उच्चारला पाहिजे, नाहीतर श्रोत्याला धुणं आठवेल.

सुरुवातीचं पान असं दिसेल :

1. निवेदक : एक होता कावळा, एक होती चिमणी. कावळ्याचं घर होतं शेणाचं, चिमणीचं घर होतं मेणाचं. आणि एके दिवशी...

2. ध्वनी : लांबून गडगडाट, 3 सेकंद. तो विरतानाच पानावर सुटे थेंब. वाढत सर, 6 सेकंद. मग संवादाखाली.

3. कावळा : (माइकजवळ, धापा टाकत) अरे, अरे! भिंत... भिंत चालली माझी!

4. ध्वनी : ओलं धप्प. थोड्या अंतराने दुसरं, जास्त जड.

5. कावळा : (विराम) घरच गेलं की.

6. ध्वनी : पाऊस एकदम कट. लगेच घराच्या आत : बंद दारामागचा दबका पाऊस, वळचणीची एक पागोळी, पिल्लाची किलबिल. 4 सेकंद, मग खाली, 11 पर्यंत चालू.

7. ध्वनी : दारावर चोचीची टकटक, तीनदा.

8. कावळा : (दारामागून, ओरडून) चिऊताई, चिऊताई, दार उघड!

9. चिमणी : (माइकजवळ, कामात) थांब, माझ्या बाळाला आंघोळ घालते!

10. ध्वनी : पाणी ओतल्याचा आवाज. पिल्लू शहारतं. 5 सेकंद, बंद.

11. चिमणी : (पिल्लाला) झालं, झालं हं राजा...

ओळींना दिलेले आकडे दर पानावर पुन्हा एकपासून सुरू करा. स्टुडिओत कुणी "दुसऱ्या पानावरची चार" म्हटलं, की नट, तंत्रज्ञ आणि आवाज काढणारा, तिघेही एकाच ठिकाणी बोट ठेवतात. ध्वनीच्या ओळी अधोरेखित करा, म्हणजे नट त्या चुकून वाचणार नाही. आणि प्रत्येक चालत्या आवाजापुढे तो कधी थांबतो हे लिहाच. 'पाऊस सुरू' सगळे लिहितात, 'पाऊस बंद' फार थोडे. मग चिमणीच्या स्वयंपाकघरातही धो धो पाऊस पडत राहतो आणि गळतं कुठे ते कुणाला सापडत नाही.

सहावी ओळ म्हणजे कानाने घराचा उंबरठा ओलांडणं. इथे एक आवाज हळूहळू दुसऱ्यात मिसळू नका, सरळ कापा. मिसळला तर वेळ गेल्याचा किंवा स्वप्नाचा भास होतो, आणि आपल्याला तर फक्त भिंतीच्या पलीकडे यायचंय.

आठवी ओळ नीट समजून घ्या. दारामागचा आवाज म्हणजे हळू आवाज नव्हे. नटाने हळू बोललं किंवा ध्वनिमुद्रणात पातळी नुसती खाली केली, तर कावळा त्याच खोलीच्या कोपऱ्यात बसून पुटपुटतोय असं वाटतं. लाकूड वरची कंपनं अडवतं आणि खालची बरीचशी जाऊ देतं, म्हणून दारामागचा आवाज बोदा येतो. नटाला खरोखर दुसऱ्या खोलीत, बंद दारामागे उभं करा, किंवा मुद्रणानंतर वरच्या पट्टीतली कंपनं कापा. पण दोन्हीत त्याने ओरडलंच पाहिजे. श्रोता आवाजाची पातळी ऐकतो त्याहून जास्त त्यातले कष्ट ऐकतो. टकटकही बोटाच्या पेरांनी करू नका, ती माणसाची वाटते. पेन्सिलीचं मागचं टोक पातळ फळीवर मारून पाहा.

पुढे आंघोळ, अंग पुसणं, तीट लावणं, जेवू घालणं, झोपवणं, असं घरोघरी वाढतच गेलेलं आहे. श्रुतिकेत तीन पुरेत. निवडताना कुठलं काम ऐकू येतं ते पाहा. आंघोळीला पाणी आहे, झोपवण्याला पाळण्याची करकर आहे. तीट लावण्याला काहीच आवाज नाही, आणि म्हणूनच मी ती मधे घेतो. तिथे चिमणी "थांब, तीट लावते" एवढंच म्हणते आणि मग शांतता. त्या शांततेत दबका पाऊस आणि आधीपेक्षा कमी जोराची टकटक ऐकू येते. तिसऱ्या वेळी कावळा "चिऊताई" एवढंच म्हणतो, "दार उघड" म्हणायचं त्याच्यात बळ नाही. तीन आवर्तनं एकाच लांबीची ठेवली तर श्रोता दुसऱ्यालाच उठून जातो. पहिलं पूर्ण, दुसरं निम्मं, तिसरं जेमतेम. पाळणाही तिसऱ्या वेळी "चिऊताई" ऐकून थांबतो, पण चिमणी काही बोलत नाही.

एक मोह टाळायचा : दिसणारी गोष्ट पात्राच्या तोंडून सांगून टाकण्याचा. 1924 च्या जानेवारीत बीबीसीवरून रिचर्ड ह्यूज यांचं 'डेंजर' हे नाटक प्रसारित झालं. खास नभोवाणीसाठी लिहिलेल्या अगदी सुरुवातीच्या नाटकांपैकी ते एक. त्यांनी माणसं कोळशाच्या खाणीत नेली आणि दिवे घालवले, म्हणजे पात्रांनाही श्रोत्याइतकंच दिसेना. अंधारात "तू कुठे आहेस?" विचारणं साहजिक होतं. आपल्या चिमणीला मात्र सगळं दिसतं. तिने "अगं बाई, तुझे काळे पंख किती भिजलेत!" म्हटलं, की ती आपल्यासाठी बोलतेय हे उघड होतं. भिजलेपण तिच्या तोंडून नको. कावळ्याने आत येऊन पंख झटकावेत आणि पिल्लाच्या अंगावर पाणी उडून ते किंचाळावं. तेवढ्यात कळतं.

दार उघडतानाच्या ध्वनिपरिणामात तीन गोष्टी एकदम बदलतात : करकर, पावसाची वरची पट्टी परत येणं आणि कावळ्याचा बोदा आवाज मोकळा होणं. करकर उत्तम झाली आणि पाऊस तसाच दबका राहिला, तर दार उघडलंच नाही. संहितेत हे एकाच ओळीत, एकत्र लिहा. वेगळ्या ओळींत लिहिलं की स्टुडिओत एकामागून एक होतं.

आता लांबी. बोलायचा वेग मिनिटाला साधारण 120 शब्द धरा. सात मिनिटांतलं दीड मिनिट निव्वळ आवाजाचं. म्हणजे बोलले जाणारे शब्द 650 च्या आसपास. हजार झाले असतील तर नट धावतील आणि पहिला बळी विरामांचा जाईल, म्हणजे नेमकी तीट लावतानाची शांतता.

चाचणीसाठी गोष्ट माहीत नसलेला माणूस हवा, आणि काऊ-चिऊच्या बाबतीत मराठी घरात तो मिळणं कठीण. मग निदान नावं बदला. कावळ्याला 'दादा', चिमणीला 'ताई' करा, ऐकणाऱ्याला आपल्याकडे पाठ करून बसवा आणि पहिली दोन पानं आवाजांसकट वाचा. "आवडलं का?" विचारू नका. "तू आत्ता कुठे उभा आहेस?" असं विचारा. "घरात, दार बंद आहे" असं उत्तर आलं तर पुढे जा. "नक्की सांगता येत नाही" आलं, तर सहाव्या ओळीत काम बाकी आहे. तिथे निवेदकाचं वाक्य घुसवण्याआधी त्या चार सेकंदांच्या सहा करून पाहा.