डब्याचा फोटो बघून तो संतुलित आहे का, हे कसं ठरवायचं

(पालकसभेत आहारतज्ज्ञांनी दिलेलं व्याख्यान, थोडं संपादन करून)

नमस्कार. आज बरेच जण मोबाइलमध्ये डब्याचे फोटो घेऊन आलेत, काहींनी आधी ग्रुपवर पण टाकलेत, आणि प्रत्येक फोटोखाली एकच प्रश्न आहे, "मॅडम, हा डबा बरोबर आहे का?" तर आज भाषण कमी करते आणि फोटोच बघूया. आपल्याला चारच गोष्टी शोधायच्यात. धान्य, म्हणजे पोळी, भाकरी, भात, पोहे, रवा, ब्रेड. प्रथिनं, म्हणजे डाळ, उसळ, अंडं, पनीर, दही, मासे-चिकन, शेंगदाणे. मग भाजी आणि मग फळ. सोपं वाटतं ना? पण फोटोत गडबड होते ती अशी की आपण रंग बघतो आणि कप्पे मोजतो, आणि या दोन्हींवरून पोटात काय जातंय ते कळत नाही.

हा पहिला फोटो घेऊ, तिसरीतल्या मुलाचा डबा आहे. स्टीलचा डबा, एका बाजूला घडी घातलेली पोळी, दुसऱ्या बाजूला बटाटा-मटारची भाजी, वर काकडीच्या चार चकत्या, आणि शेजारच्या छोट्या डबीत पाच-सहा द्राक्षं. पिवळं, हिरवं, पांढरं, सगळे रंग आहेत, चारही कोपरे भरलेत. आत्ता हात वर करायला सांगितलं तेव्हा बहुतेकांनी हा डबा पास केला. आता एकेक गोष्ट मोजूया.

पोळीपासून सुरू करते, कारण इथेच पहिली फसगत होते. चौघडी घातलेली एक पोळी आणि एकत्र चौघडी घातलेल्या दोन पोळ्या वरून अगदी सारख्याच दिसतात, फोटोत तोच पाव गोल. कडेला बघायचं, जिथे पोळीची गोल कड दिसते तिथे पदर मोजायचे. एका पोळीचे चार पदर येतात, दोन असतील तर आठ. या फोटोत तिरक्या बाजूने जरा जाडी दिसतेय, आठ पदर आहेत, म्हणजे दोन पोळ्या. एका मध्यम पोळीला साधारण 30 ग्रॅम कणीक लागते, म्हणजे 60 ग्रॅम कणीक, आणि त्यातून साडेसहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. हो, पोळीतही प्रथिनं असतात, हे बऱ्याच जणांना नवीन वाटतं. धान्याचा रकाना इथे भरला.

आता भाजी. यात बटाटा किती आणि मटार किती? फोटो मोठा करून बघा, पिवळ्या फोडींचाच ढीग आहे, मटार मधे मधे, दोन पोह्याचे चमचे भरतील एवढे. बटाटा भाजीत मोजायचा नाही. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला 400 ग्रॅम फळं-भाज्या खा म्हणते ना, त्यात बटाटा धरलेला नाही, कारण तो मुख्यतः स्टार्च आहे, त्याची जागा पोळी-भाताच्या बाजूला. म्हणजे आपण "पोळी-भाजी" म्हणतो तेव्हा या डब्यात खरं तर पोळी आणि पोळीचा भाऊच आहे. मग भाजी म्हणून काय उरलं? मटार, साधारण 25 ग्रॅम, आणि काकडीच्या जाडसर चकत्या, 30 ग्रॅम धरूया. झाले 55. शाळेत जे पोषण आहाराचं जेवण मिळतं, पीएम पोषण, त्यात पहिली ते पाचवीच्या मुलाला 100 ग्रॅम धान्य, 20 ग्रॅम डाळ आणि 50 ग्रॅम भाजी धरलेली असते, सगळं कच्च्या वजनात. त्या हिशोबाने भाजी काठावर का होईना पण आहे. काकडीत बहुतांश पाणीच असतं, ते मान्य, पण आहे म्हणूया.

मग प्रथिनं कुठेयत? मटार, असं म्हणालात तुम्ही कोणीतरी. पण मटार आपण भाजीत मोजले, आता त्याच मटारला दुसऱ्या रकान्यात परत मोजायचं नाही. एक दाणा एकाच रकान्यात. हा नियम लक्षात ठेवला की निम्मे फोटो स्वच्छ दिसायला लागतात. ग्रॅमचा हिशोब करायचाच तर मटारातून दीड ग्रॅम आले, बटाट्यातून दीडेक, पोळ्यांतून साडेसहा, म्हणजे नऊ-साडेनऊ. पीएम पोषणमध्ये याच वयाला एका जेवणात 12 ग्रॅम धरलेत. आकडा बघितला तर फार मागे नाही वाटत, पण बहुतेक प्रथिनं गव्हातून आलीत, आणि गव्हात लायसिन नावाचं अमिनो आम्ल कमी असतं. ते डाळीत भरपूर असतं, म्हणून तर आपल्याकडे वरण-भात, पोळी-आमटी, खिचडी ही जोडी आहे, एकाची उणीव दुसरं भरून काढतं. या डब्यात जोडीदारच नाहीये. तर माझा निकाल असा की धान्य आहे, जरा जास्तच आहे, भाजी काठावर, फळ थोडं (पाच-सहा द्राक्षं म्हणजे तीसेक ग्रॅम), आणि प्रथिनाचा रकाना रिकामा. रंगीत डबा, पण रिकामा रकाना अगदी मधोमध.

दुरुस्ती मोठी नाही. अर्धा बटाटा काढा आणि त्या जागी मोड आलेली मटकी किंवा मूग घाला, 30 ग्रॅम कोरडी कडधान्यं भिजून-शिजून चांगली वाटीभर होतात आणि सात ग्रॅमच्या आसपास प्रथिनं देतात. किंवा एक उकडलेलं अंडं, सहा-साडेसहा ग्रॅम. अंडं न खाणाऱ्या घरात पनीरचे दोन-तीन तुकडे किंवा दाण्याची कोरडी चटणी पोळीला लावून, पण चटणी मात्र चाटण्यापुरती नको, दोन चमचे तरी हवी.

आता दुसरा फोटो, आणि हा मला आजच्या सगळ्या फोटोंत आवडलेला आहे. एकच थालीपीठ, तपकिरी, चार तुकडे केलेलं, आणि दह्याची डबी. बस. या फोटोला तुम्ही "नुसतं धान्य" म्हणालात. पण भाजणीत काय असतं सांगा बरं? ज्वारी, बाजरी, गहू, तांदूळ, आणि हरभरा डाळ, उडीद डाळ, धणे. म्हणजे धान्य आणि डाळ आधीच एकत्र दळलेत. पिठात कांदा, कोथिंबीर, किसलेला दुधी असेल तर भाजीही आत गेली, फोटोला ती दिसतच नाही. 60 ग्रॅम भाजणीतून सातेक ग्रॅम प्रथिनं आणि दह्यातून तीन, म्हणजे दहाच्या आसपास, आणि ती चांगल्या जोडीची. उघड्या डोळ्यांनी कंटाळवाणा दिसणारा हा डबा पहिल्यापेक्षा पुढे आहे. मात्र तो फोटोवरून ठरवता येत नव्हता, आईने सांगितलं म्हणून ठरलं. फळ यात नाही, तेवढं घरी आल्यावर द्यायचं. चारही गोष्टी एकाच डब्यात कोंबायची सक्ती नाही, मधल्या सुट्टीत पंधरा-वीस मिनिटं मिळतात आणि सफरचंद कापून ठेवलं की काळं पडतं म्हणून मुलं ते परत आणतात, त्यापेक्षा केळं किंवा संत्र्याची आख्खी फोड बरी.

उलटीही फसवणूक होते. पालक पुरी हिरवीगार, बीटाची पोळी गुलाबी, पुलावात गाजर-मटारचे ठिपके, फोटो झकास येतो. पण रंग यायला दोन चमचे पालकाची पेस्ट पुरते, ते भाजीच्या रकान्यात धरता येत नाही, पुरी ही मैदा नाहीतर कणीक आणि तेलच. साबुदाण्याची खिचडी तशीच, साबुदाण्यात प्रथिनं जवळपास नाहीतच, जे काही मिळतं ते दाण्याच्या कुटातून, तेव्हा खिचडीचा फोटो असेल तर कूट किती घातलं हा एकच प्रश्न विचारायचा. आणि मेथी, पालक, शेपू यांच्या बाबतीत फोटो अन्याय करतो, मोठी जुडी शिजून मूठभर होते, चमचाभर दिसली तरी ती खरंच भाजी असते.

म्हणून फोटो कसा काढायचा ते आधी ठरवा. एक वरून, झाकण उघडून सगळ्या डब्या एकाच चौकटीत, फळाची डबी दप्तराच्या वेगळ्या कप्प्यात राहिली तर ती पण बाहेर काढून. दुसरा तिरका, साधारण 45 अंशांतून, म्हणजे खोली कळते. वरून फक्त पसारा दिसतो, आणि स्टीलच्या खोल डब्यातली दोन बोटं उसळ आणि चार बोटं उसळ वरून सारखीच दिसते. शेजारी नेहमीचा पोह्याचा चमचा ठेवा, मोजायला आधार मिळतो. फ्लॅश बंद, खिडकीजवळ काढा, नाहीतर स्टील चमकून कडेचं काही दिसत नाही. आणि खाली एक ओळ लिहा, कशाचं पीठ, भाजीत काय काय, डाळ आहे का. एवढ्या एका ओळीने अर्ध्या शंका संपतात. एवढं करूनही तेल किती, मीठ किती, दही गोड आहे का, भाकरी ज्वारीची की तपकिरी दिसणारं दुसरंच काही, हे फोटोवरून कळत नाही आणि कळल्याचा आव आणू नका.

एक प्रश्न आलाय, "बिस्किटं आणि चिवडा कुठल्या रकान्यात?" बिस्किटं धान्यात धरा पण सोबत साखर आणि तूप-तेल पण आलं हे लिहून ठेवा, चिवड्यात दाणे आणि डाळ्या किती ते बघा, असतील भरपूर तर थोडं प्रथिनातही जाईल.

आणि शेवटचा प्रश्न खरंच महत्त्वाचा आहे, "सकाळचा फोटो छान, पण मुलगा खातो का?" संध्याकाळी डबा परत येतो तेव्हा पण फोटो काढा, त्याच कोनातून. पोळी संपली आणि उसळ तशीच असेल तर मुलाच्या पोटात गेलेला डबा धान्याचाच आहे, सकाळचा फोटो काहीही सांगो. मग त्याला विचारा, पण "का नाही खाल्लंस" असं नको, "उसळ कोरडी होती का, हाताला तेल लागतं का, मित्र हसतात का" असं. आमच्याकडे आलेल्या एका मुलीने सांगितलं होतं की उसळ चमच्याशिवाय खाता येत नाही आणि डब्यात चमचा नसतो, म्हणून ती ठेवते. डब्यात चमचा घातला आणि दुसऱ्या आठवड्यापासून डबी रिकामी यायला लागली. वर्गात शिक्षकांनी मात्र सगळ्यांसमोर कोणाच्या डब्यावर बोलू नये, कोणाच्या घरी काय शक्य आहे हे फोटोत येत नाही. बोलायचंच असेल तर आई-वडिलांशी, बाजूला घेऊन.

बरं, आता उरलेले फोटो पाठवा, पुढच्या रांगेपासून सुरू करूया.