एकच हापूस, दोन बिलं

(दृश्य: रत्नागिरीजवळची पॅकिंग शेड. आंबा खोक्यात भरणारे हात. दोन थप्प्या.)

हापूसची वर्गवारी चालू आहे. डावीकडची थप्पी वाशी मार्केटला जाणार, उजवीकडची विमानानं दुबईला. दोन्ही बिलांवर जीएसटी शून्यच. पण हे कागदी खोके आणताना व्यापाऱ्यानं त्यांच्यावर कर भरलेला आहे. दुबईच्या खोक्यांचा कर त्याला परत मिळू शकतो. वाशीच्या खोक्यांचा मिळत नाही.

ताजा आंबा देशात विकला की ती करमाफ विक्री. गिऱ्हाइकाकडून कर घेतला नाही, म्हणून खरेदीवर भरलेल्या कराचं क्रेडिटही केंद्रीय जीएसटी कायद्याचं कलम 17 देत नाही. तो कर मालाच्या खर्चात मुरतो.

निर्यातीचा हिशेब निराळा. परदेशी जाणाऱ्या मालाच्या किमतीत इथला कर शिल्लक राहू नये, हा शून्य-दराचा हेतू. म्हणून एकात्मिक जीएसटी कायद्याच्या कलम 16 नुसार विक्रीवर कर नाही आणि खरेदीवरचं क्रेडिट मात्र शाबूत. माल एरवी करमाफ असला तरी निर्यातीसाठी हे क्रेडिट घेता येतं, असं त्याच कलमात स्पष्ट लिहिलंय. "आंब्याला करच नाही, मग परतावा कसला?" असं म्हणून कितीतरी जण हक्काचे पैसे सोडून देतात.

(दृश्य: टेबलावर बिलांची फाइल, वहीत मांडलेला हिशेब.)

आता उदाहरणादाखल एका हंगामाचा हिशेब मांडू. एकूण विक्री 40 लाख. त्यात निर्यात 16 लाख, वाशीची विक्री 24 लाख. खरेदीवर भरलेला कर 86,000 रुपये.

या कराचे आधी तीन गठ्ठे करायचे. विमानभाड्यावरचे 36,000 निव्वळ निर्यातीचे, ते पूर्ण मिळतात. वाशीच्या छापील खोक्यांवरचे 20,000 निव्वळ करमाफ विक्रीचे, ते पूर्ण गेले. उरलेले 30,000 शेडचं भाडं, क्रेट, हिशेबनिसाची फी अशा सामायिक खर्चावरचे. इथे नियम 42 लागतो: एकूण विक्रीत करमाफ विक्री जितकी, तितक्या प्रमाणात क्रेडिट परत करायचं. 40 लाखांत 24 लाख म्हणजे 60 टक्के. 18,000 परत केले, 12,000 राहिले. विमानभाड्याचे 36,000 धरून हातात आले 48,000.

हे प्रमाण काढताना निर्यातीचे 16 लाख करमाफ विक्रीत धरायचे नाहीत. सगळी चूक होते ती इथेच. ते धरले तर करमाफीचं प्रमाण 100 टक्के होतं, विमानभाड्याचा करही करमाफ विक्रीचाच ठरतो आणि 48,000 चा आकडा शून्यावर येतो.

(दृश्य: संगणकाचा पडदा, GSTR-3B.)

ही चूक बहुतेक वेळा रिटर्न भरताना होते. निर्यात 3.1(b) या ओळीत दाखवायची असते, करमाफ विक्री 3.1(c) मध्ये. आंबा करमाफ म्हणून सगळाच आकडा 3.1(c) मध्ये टाकला, की पुढे परताव्याचा अर्ज RFD-01 भरताना निर्यातीचा आकडा जुळत नाही आणि अर्ज अडतो. विक्रीचं रिटर्न GSTR-1, त्याच्या तक्ता 6A मध्ये शिपिंग बिलाचा क्रमांक, तारीख आणि पोर्ट कोड बिनचूक हवा. करमाफ मालाच्या निर्यातीला, कर न भरता माल पाठवण्यासाठी द्यायच्या हमीपत्राची सक्ती करता येत नाही, हे 2018 च्या परिपत्रकात स्पष्ट केलंय. अर्जाची मुदत विमान देश सोडतं त्या दिवसापासून दोन वर्षं.

(दृश्य: शेडबाहेर टेम्पोत चढणारे खोके.)

आता समजा, याच व्यापाऱ्यानं दुबईचा माल स्वतः न पाठवता मुंबईच्या निर्यातदाराला विकला. आंबा दुबईलाच पोचेल, पण रत्नागिरीतून झालेली विक्री देशातली, म्हणजे करमाफ. खोक्यांचा कर इथेच अडकला. निर्यातदार परतावा मागेल तो त्यानं स्वतः भरलेल्या कराचा. म्हणून निर्यातदाराशी भाव ठरवताना हा अडकलेला कर धरूनच आकडा सांगावा. स्वतःच्या बागेचाच माल विकणाऱ्या शेतकऱ्याला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही. पण नोंदणीशिवाय क्रेडिट नाही, म्हणून थेट निर्यात करणाऱ्यानं ती आपणहून घेण्यात फायदा आहे.

(दृश्य: वर्गवारी करणारं यंत्र.)

या यंत्रावर भरलेल्या कराची गोष्ट मात्र अवघड. ते दोन्ही विक्रींना वापरलं जातं, म्हणून त्याचं क्रेडिट 60 महिन्यांवर विभागतात आणि दर महिन्याला करमाफ विक्रीचा वाटा परत करावा लागतो. उरलेलं क्रेडिट खात्यात राहतं, पण परताव्याच्या सूत्रात भांडवली वस्तू धरत नाहीत. आंब्याचा पल्प करपात्र आहे. त्यामुळे ज्याची कॅनिंगची बाजू त्याच नोंदणीखाली चालते, तो हे क्रेडिट पल्पवरच्या करातून वळतं करू शकतो. नुसता ताजा आंबा विकणाऱ्यानं यंत्राची किंमत काढताना त्यावरचा कर खर्चातच धरावा.