भिजवलेले हरभरे आणि सहा पस्तीसची लोकल

(दादरमधल्या एका व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

परळचा एक मुलगा माझ्याकडे आला. वय 23, वजन 52 किलो, नोकरी अंधेरीला. जिममध्ये नाव घातलं आणि त्याच सोमवारपासून अख्खा आहार बदलला. सकाळी ओट्स, मूठभर भिजवलेले हरभरे, वर दुधात व्हे प्रोटीन. दुपारच्या डब्यात राजमा. रात्री परातभर सॅलड. गुरुवारी सहा पस्तीसच्या लोकलमध्ये गर्दीत उभं राहून त्याला पँटचं बटण सैल करावं लागलं. शुक्रवारी त्याने सगळंच सोडलं आणि मला म्हणाला, "मॅडम, मला प्रोटीन पचत नाही."

मी त्याच्याकडून आधीचं खाणं लिहून घेतलं. वडापाव, भात-आमटी, दोन पोळ्या, थोडी भाजी. म्हणजे दिवसाला साधारण 12 ते 14 ग्रॅम फायबर. नव्या यादीत ते 40 च्या आसपास गेलं होतं, तेही एका रात्रीत. प्रोटीन बिचारं उगाच बदनाम झालं. प्रोटीन अंड्यात आणि मासळीतही असतं, आणि त्यांच्यात फायबर नसतंच.

हरभरा, राजमा, वाल यांच्यात काही साखरी असतात, त्या तोडणारं पाचकद्रव्य माणसाच्या आतड्यात तयार होत नाही. त्या तशाच मोठ्या आतड्यात पोचतात, तिथले जीवाणू त्यांच्यावर ताव मारतात आणि गॅस होतो. हा आजार नाही. रोज थोडं थोडं मिळालं तर ती वस्ती दोन-तीन आठवड्यांत बऱ्यापैकी सरावते. एकदम पोतं ओतलंत तर पोट फुगणारच.

मग गुन्हेगार ओळखायचा कसा? घड्याळ बघा. मी त्याला विचारलं, त्रास नेमका कधी होतो? म्हणाला, सकाळी सव्वानऊला ऑफिसात पोटात गुडगुडतं आणि संध्याकाळी पोट टम्म होतं. हे दोन वेगळे त्रास आहेत. दूध प्यायल्यावर अर्ध्या ते दोन तासांत गुडगुड, ढाळ होत असेल, तर संशय दुधातल्या साखरेवर, म्हणजे लॅक्टोजवर. दीडला खाल्लेला राजमा मात्र बोलायला चार-सहा तास घेतो. सहा पस्तीसची लोकल त्याच्याच वाट्याची.

मग आम्ही काय केलं? पहिला आठवडा हरभरा, राजमा, ओट्स बंद. प्रोटीन तसंच ठेवलं: सकाळी तीन अंडी, डब्यासोबत दही, रात्री मासळी. व्हे अर्धा चमचा, दुधाऐवजी पाण्यात. गुडगुड चार दिवसांत थांबली. दह्याने त्याला काही झालं नाही. बऱ्याच जणांना दूध चालत नाही पण दही चालतं, कारण विरजणातले जीवाणू त्यातलं थोडं लॅक्टोज आधीच संपवतात.

दुसऱ्या आठवड्यापासून दर आठवड्याला एकच नवी गोष्ट, सुमारे 4-5 ग्रॅम फायबरची. आधी मोड आलेल्या मुगाची अर्धी वाटी उसळ, मग एक पेरू, मग एका पोळीच्या जागी ज्वारीची भाकरी. हरभरा सगळ्यात शेवटी: रात्रभर भिजवून, ते पाणी फेकून, कुकरमध्ये मऊ शिजवून. आपल्या आज्या वाल भिजवून, मोड आणून, सोलून बिरडं करायच्या, त्यात हाच फायदा होता. मोड आल्यावर त्या साखरी कमी होतात. (हिंगाबद्दल विचाराल, तर चवीसाठी जरूर घाला.)

पोट फुगलं की पुढची पायरी थांबवायची, आहे तिथेच आणखी एक आठवडा काढायचा. त्याला 28 ग्रॅमपर्यंत यायला पाच आठवडे लागले, एका आठवड्यात तर भाकरीवरच अडकला.

वजन वाढवणाऱ्यांची आणखी एक अडचण आहे. फायबरने पोट लवकर भरतं आणि कॅलरी कमी पडतात. हा मुलगा सॅलड आधी खायचा आणि भात उरायचा. मी क्रम उलटा केला: आधी अंडी, मासळी, भात, कोशिंबीर शेवटी आणि वाटीभरच. कोशिंबिरीत दाण्याचं कूट, वरणावर तूप. आकार वाढत नाही, कॅलरी वाढतात. पेरू मधल्या वेळी, जेवणाला चिकटवून नाही.

फायबर वाढवून पाणी वाढवलं नाही तर शौच घट्ट होतं आणि लोक फायबरलाच दोष देतात. लोकलच्या प्रवासात लघवीची पंचाईत म्हणून हा मुलगा दिवसभर पाणीच टाळायचा. इसबगोलचंही तसंच: एक चमचा, पूर्ण ग्लासभर पाण्यात, लगेच प्यायचं. कोरडं तोंडात टाकू नका, ते फुगून घशात अडकू शकतं. तुमचं कुठलं औषध चालू असेल, तर त्याच्यात आणि इसबगोलमध्ये दोन तासांचं अंतर ठेवा. प्रोटीन बारच्या वेष्टनावर माल्टिटॉल किंवा चिकोरीचं फायबर दिसलं, तर तेही गॅसच्या हिशोबात धरा.

शौचात रक्त, आपोआप घटणारं वजन, रात्री झोपेतून उठवणारी पोटदुखी, सतत उलट्या यातलं काही असेल, तर माझ्याकडे येऊ नका, आधी डॉक्टरांकडे जा. या मुलाला त्यातलं काहीच नव्हतं. तीन महिन्यांनी वजन 55 किलो झालं, आणि आता तो डब्यात राजमा नेतो. फक्त शनिवारी घरी जेवायचं असतं, तेव्हा मात्र मासळीच.