खुलभर दुधाची कहाणी, एका पानात

[दृश्य : सोलापूरचा पूर्वभाग. गल्लीत यंत्रमागांची खडखड. ओट्यावर आजी, शेजारी नात. मध्ये मोबाइल, रेकॉर्डिंग सुरू.]

निवेदन :

श्रावणातल्या सोमवारची ही कहाणी. राजाला वाटतं, महादेवाचा गाभारा दुधानं भरावा. गावातलं सगळं दूध ओतूनही तो भरत नाही. मग एक म्हातारी येते, तिच्या खुलभर दुधानं तो भरतो. सिद्धेश्वराच्या देवळाबाहेर सोमवारी रांग लागते, त्या दिवसांत सोलापुरातल्या कितीतरी घरांत ही कहाणी पोथीतून वाचली जाते. आजी पोथी धरत नाहीत. सासूकडून ऐकली तशी सांगतात.

रेकॉर्डिंग २१ मिनिटांचं आहे. लिहायचं आहे एक पान, जेमतेम तीनशे शब्द.

यात पहिलं काम काटछाटीचं नसतं. आधी सगळं जसंच्या तसं उतरवून घ्यायचं. आजींचं 'तर', 'मग काय', नातीचा प्रत्येक 'हं', मागाच्या आवाजात बुडालेला शब्दसुद्धा. तिथे कंसात 'ऐकू येत नाही' असं लिहायचं, अंदाजानं भरायचं नाही. हे उतरवलेलं किती भरतं ते पाहा. ऐका एक तुकडा.

[आजींचा आवाज, पडद्यावर अक्षरं :]

"मग राजानं काय केलं, दवंडी दिली. कसली दवंडी दिली? तर बाबांनो, समद्यांनी आपापलं दूध सोमवारी देवळात आणायचं. लेकराला न्हाई, वासराला न्हाई, समदं देवाला. आता डेअरीची गाडी दारात येती, तवा न्हवतं बाई तसं, डोक्यावर घागर घिऊन जायाचं. ए, ते दार लाव गं. तर काय सांगत हुते? हां, दवंडी. समद्यांनी दूध आणायचं. लेकराला न्हाई, वासराला न्हाई, समदं देवाला. वासरं हंबरली, लेकरं रडली. घागरीवर घागर ओतली. ओतलं, ओतलं, अन् गाभारा काय भरला न्हाई."

निवेदन :

'लेकराला न्हाई, वासराला न्हाई' इथे दोनदा आलं. कागदावर दोन्ही ओळी सारख्याच दिसतात. कानाला तशा लागत नाहीत. पहिल्यांदा आजी सावकाश, एकेक तुकडा ठेवत बोलतात आणि प्रत्येक तुकड्यावर नातीचा 'हं' पडतो. दुसऱ्यांदा त्या भरभर उरकतात, कारण मध्ये दार आलं होतं आणि सुटलेला धागा पकडायचा होता. पहिली पुनरुक्ती कहाणीची, दुसरी त्या दुपारची. दुसरी काढायची. म्हणून हे काम नुसता कागद समोर ठेवून होत नाही, कानात आवाज लागतो.

'कसली दवंडी दिली?' हा प्रश्न मात्र ठेवायचा. त्यातून नवी माहिती काहीच मिळत नाही हे खरं, पण ऐकणारा तिथे पुढे सरकतो. डेअरीची गाडी काढायला जीव होत नाही. तरी काढायची, कारण पानभर मजकुरात अशी एक गाडी शिरली की राजाचा वेग मोडतो. तिची जागा पूर्ण उतरवलेल्या प्रतीत, आणि ती प्रत फेकायची नसते.

आता खरी अडचण. कहाणीत सोमवार तीन. तिन्ही वेळा दूध येतं, तिन्ही वेळा तेच होतं. शब्द वाचवायचे तर हात आधी इथेच जातो, आणि असं वाक्य तयार होतं :

[पडद्यावर :] 'राजाच्या आज्ञेनुसार गावकऱ्यांनी सलग तीन सोमवार सर्व दूध अर्पण केले. परंतु गाभारा भरला नाही.'

यात चुकीचं काहीच नाही, आणि कहाणीही नाही. तीन सोमवार एकात कोंबले की तिसऱ्या सोमवारी काही वेगळं घडतंय हे जाणवायला जागाच उरत नाही. तेव्हा सोमवार तीनच ठेवायचे, पण सारख्या मापाचे नाहीत. पहिला पूर्ण सांगायचा. दुसऱ्यात फक्त ठेक्याच्या ओळी. तिसरा पुन्हा सावकाश, कारण तिथे राजा स्वतः येतो. आजीही तेच करतात. दुसरा सोमवार त्या पहिल्याच्या निम्म्यात उरकतात. आपण त्यांचंच प्रमाण आणखी आवळायचं.

[पडद्यावर लिखित कहाणी, आवाज नातीचा :]

"आटपाट नगर होतं. तिथं एक राजा होता. राजानं दवंडी दिली. कसली दवंडी दिली? समद्यांनी दूध देवळात आणायचं. लेकराला न्हाई, वासराला न्हाई, समदं देवाला. वासरं हंबरली, लेकरं रडली. ओतलं, ओतलं, अन् गाभारा काय भरला न्हाई.

दुपार झाली. एक म्हातारी आली. घरचं आवरून आली, नातवंडांना न्हाऊमाखू घालून आली. आधी लेकराला, मग वासराला, उरलं ते देवाला. हातात खुलभर दूध. तेवढं ओतलं, अन् गाभारा भरला.

दुसरा सोमवार आला. राजानं शिपाई बसवले. लेकराला न्हाई, वासराला न्हाई, समदं देवाला. ओतलं, ओतलं, भरला न्हाई. म्हातारी आली, खुलभर ओतलं, भरला. शिपायांना कोण आलं ते कळलं न्हाई.

तिसरा सोमवार आला. राजा स्वतः बसला. म्हातारी आली. राजानं हात धरला…"

निवेदन :

म्हातारी घाबरते, राजा अभय देतो, आणि मग ती बोलते. तात्पर्य इथे आहे, आणि ते तिच्या तोंडचं आहे. "राजा, तू दूध आणलंस, पर वासरांचा आत्मा तळमळला. आधी लेकराला, मग वासराला, उरलं ते देवाला." हे वाक्य आपण आधीच एकदा ऐकलंय. म्हणूनच ते उपदेश वाटत नाही, उत्तर वाटतं.

आता मागे जाऊन पाहा. 'वासरं हंबरली, लेकरं रडली' ही चार शब्दांची ओळ पहिल्या सोमवारी वर्णन म्हणून उडवली असती, तर शेवटी म्हातारी कोणत्या वासरांबद्दल बोलतेय? संक्षेप फसला की बहुतेक वेळा असाच फसतो. शेवट नीट लिहिलेला असतो, पण त्याचा आधार सुरुवातीलाच कापलेला असतो. तपासायची रीत सोपी : तात्पर्यातला प्रत्येक शब्द घ्यायचा आणि तो आधी कुठे आलाय ते बोटानं दाखवायचं. न सापडला, तर वरची कापलेली ओळ परत आणायची. खाली 'तात्पर्य' असा मथळा देऊन स्वतःचं वाक्य जोडणं हा त्यावरचा उपाय नव्हे.

त्यानंतर राजा तसं करतो, गाभारा भरतो, आणि 'जसा राजाला महादेव प्रसन्न झाला, तसा तुम्हा आम्हां होवो' हा आशीर्वाद येतो. मग ठरलेली ओळ : 'ही साठा उत्तरांची कहाणी पाचा उत्तरी सुफळ संपूर्ण.' कहाण्यांच्या या ठरीव ओळींना हात लावायचा नाही.

भाषेचं काय? आजी 'न्हाई' म्हणतात, 'हुते' म्हणतात. सगळं तसंच ठेवलं तर नवखा वाचक अडखळतो, सगळं प्रमाण केलं तर 'भरला नाही' हे शब्द आजींचे राहत नाहीत. इथे ठेक्याच्या ओळी आणि बोलणं आजींच्या उच्चारानं ठेवलंय, जोडवाक्यं साधी केलीत. 'न्हाई' एकदा असं लिहिलं की शेवटपर्यंत तसंच.

[दृश्य : नात कागद वाचून दाखवते. आजी ऐकतात.]

आजी : "म्हातारीनं दूध ओतलं, ते लई पटकन ओतलंस. आधी बेल वाहिला, तांदूळ वाहिले, ते कुठं गेलं?"

नात : "जागा नव्हती आजी."

आजी : "मग शिपाई कमी कर की."

निवेदन :

शिपायांचं शेवटचं वाक्य गेलं. 'दोन बेलाची पानं, चार तांदळाचे दाणे' पहिल्या सोमवारात आले. मजकूर तीनशेच्या आतच राहिला. पानाच्या तळाशी रेकॉर्डिंगची लांबी, गाव, महिना आणि एक ओळ : 'संक्षेप सांगणाऱ्या आजींना वाचून दाखवून दुरुस्त केला आहे.'