फोटोतली उत्तरं, वजा गुण आणि कटऑफचं गणित

परीक्षा संपते, पहिली उत्तरतालिका येते, आणि हातात असतो उत्तरपत्रिकेचा मोबाइलवर काढलेला फोटो. त्यावरून गुण मोजून लोक विचारतात, कटऑफ गाठेल का? याचं उत्तर एका आकड्यात देता येत नाही. कमीत कमी किती आणि जास्तीत जास्त किती, असे दोन आकडे काढावे लागतात. ते कसे काढायचे, ते आज एका उदाहरणावर पाहू.

आधी फोटो. तो कशाचा आहे, हे पहिल्यांदा विचारा. प्रश्नपुस्तिकेवर केलेल्या खुणांचा असेल, तर तो उत्तरपत्रिकेचा पुरावा नव्हे. पुस्तिकेत तीनवर खूण आणि वर्तुळ मात्र चारचं रंगवलेलं, असं शेवटच्या दहा मिनिटांत सर्रास होतं. उत्तरपत्रिकेची कार्बन प्रत असेल तर ती कितीतरी भरवशाची. फक्त तिच्यावर हाताच्या दाबाने उठलेले फिके ठसेही असतात, ते वर्तुळ समजून मोजू नका. फोटो फ्लॅश न लावता, कागद सपाट ठेवून, अगदी वरून काढा. फ्लॅशमध्ये शाई आणि पेन्सिल दोन्ही चमकतात आणि पूर्ण भरलेलं वर्तुळ कोरं दिसतं. मेसेजमधून पाठवायचा असेल तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा. साधा फोटो म्हणून पाठवला की तो आकुंचन पावतो आणि नेमकी फिकी वर्तुळंच पुसट होतात. प्रश्नपत्रिकेचा संच कोणता, ते रकानेही फोटोत आले पाहिजेत.

आता वाचन. उत्तरतालिका समोर ठेवून वाचू नका. बरोबर उत्तर माहीत असलं की अर्धवट वर्तुळही डोळ्यांना भरलेलं दिसू लागतं. आधी सगळी उत्तरं पाच-पाचच्या गटात कागदावर उतरवा. कोऱ्या प्रश्नासमोर आडवी रेघ, शंका असेल तिथे प्रश्नचिन्ह. मग दुसऱ्या माणसाला तेच स्वतंत्रपणे करायला सांगा आणि दोन्ही याद्या ताडून पाहा. जिथे फरक पडतो, तेवढेच प्रश्न पुन्हा फोटोत मोठे करून बघायचे.

दोन चुका मात्र आकडेच सांगतात. चार पर्यायांच्या परीक्षेत सोडवलेल्यांपैकी जेमतेम पाव उत्तरं जुळत असतील, तर बहुधा दुसऱ्याच संचाची तालिका लावली आहे. नुसत्या अंदाजानेही तेवढी जुळतात. आणि एखाद्या स्तंभापर्यंत सगळं नीट जुळत येऊन पुढे अचानक चुकांची रांग लागली, तर एक ओळ सरकली आहे. ती बहुतेक वेळा स्तंभ बदलतानाच सरकते, विशेषतः फोटो तिरका असेल तेव्हा. फक्त ती वाचताना सरकली की उमेदवाराने भरतानाच, हे ओळीशेजारचा प्रश्नक्रमांक बघूनच ठरवा. भरतानाच सरकली असेल, तर ती रांग खरी आहे आणि तशीच मोजावी लागेल.

आता उदाहरण. १०० प्रश्न, प्रत्येकी २ गुण, चुकीला एक तृतीयांश वजा, म्हणजे २/३. स्पष्ट वाचता आली ८२ उत्तरं. त्यांत ५४ बरोबर, २८ चूक. कोरे १४, शंकास्पद ४. बेरीज १०० भरली, तरच पुढे जायचं. गुण होतात १०८ वजा १८.६७, म्हणजे ८९.३३. इथे २/३ ला ०.६६ किंवा ०.६७ करू नका. चुका आधी मोजा, २ ने गुणा, ३ ने भागा आणि मगच दशांश लिहा. याने काय फरक पडतो, ते पुढे दिसेल.

शंकास्पद चारांचं काय? प्रश्न २३ मध्ये बरोबर पर्याय भरलाय, पण शेजारचं वर्तुळही अर्धं खोडलेलं आहे. यंत्र काळेपणा बघतं, तुमचा हेतू बघत नाही. दुसरं वर्तुळ त्याच्या मर्यादेपलीकडे काळं असेल तर दोन उत्तरं धरली जातात, आणि या परीक्षेच्या सूचनांप्रमाणे ते चूक. म्हणजे अधिक २ किंवा वजा ०.६७. प्रश्न ४१ ची फिकी खूण चुकीच्या पर्यायावर आहे: शून्य किंवा वजा ०.६७. प्रश्न ६७ ची फिकी खूण बरोबर पर्यायावर आहे: अधिक २ किंवा शून्य. प्रश्न ८८ वर सावली पडली आहे, दुसरं की चौथं ते कळत नाही. चौथं बरोबर आहे. पुन्हा अधिक २ किंवा वजा ०.६७. सगळं विरुद्ध गेलं तर २ गुण कमी, सगळं बाजूने गेलं तर ६ जास्त. म्हणजे ८७.३३ ते ९५.३३.

अजून अंतिम उत्तरतालिका यायची आहे. प्रश्न १२ चं आपलं उत्तर तालिकेनुसार चूक, पण त्यावर हरकतीला भक्कम आधार आहे. ती मान्य झाली तर २.६७ ची भर पडते, कारण २ मिळतात आणि वजा झालेले ०.६७ परत येतात. प्रश्न ५६ चं उत्तर सध्या बरोबर आहे, पण त्यावरही हरकत आहे. तालिका फिरली तर २.६७ जातात. प्रश्न ७९ रद्द होऊ शकतो आणि आपलं उत्तर चूक आहे. इथे नियमावली उघडून बघायलाच हवी. रद्द प्रश्नाचे गुण सर्वांना देत असतील तर आपल्याला २.६७ मिळतात. प्रश्नच वगळत असतील तर फक्त ०.६७ परत येतात आणि एकूण गुणही कमी होतात. आपल्या उदाहरणात सर्वांना गुण द्यायचा नियम धरू. आता पट्टा ८४.६७ ते १००.६७ असा झाला.

समजा अपेक्षित कटऑफ ९८ आहे. वरचं टोक ९८ च्या पुढे आहे, म्हणून आशा आहे, असं म्हणून इथेच थांबणं चूक. वर्तुळं कशीही वाचली गेली तरी ९५.३३ च्या वर जाता येत नाही. म्हणजे उत्तरतालिकेत किमान एक बदल बाजूने व्हायलाच हवा. एकच बदल झाला, ५६ जागेवर राहिला आणि चारही वर्तुळं अनुकूल निघाली, तर बरोबर ५८, चूक २७: ११६ वजा १८, नेमके ९८. ०.६७ ने मोजलं असतं तर ९७.९१ आले असते, ०.६६ ने ९८.१८. पहिल्याने निर्णयच चुकला असता, दुसऱ्याने नसलेली मोकळीक दिसली असती.

आणि कटऑफही जागचा हलतो. ७९ चे गुण सर्वांना मिळाले, तर ज्यांचा तो आधीच बरोबर होता ते तिथेच राहतात, बाकी सगळे वर सरकतात. प्रश्न जितका अवघड, तितके जास्त लोक सरकतात आणि कटऑफही त्यांच्यामागे चढतो. म्हणून ७९ मुळे मिळणारे २.६७ निव्वळ नफा धरू नका. १२ चं उत्तर फिरलं तर तिथे मात्र फायदा होणारे आणि तोटा होणारे असे दोन्ही गट असतात, त्यामुळे तो बदल तुमच्यासाठी जास्त मोलाचा.

म्हणून या उमेदवाराने आधी कार्बन प्रत बाहेर काढून ८८ चा नवा फोटो घ्यावा. ते दुसरं वर्तुळ निघालं, तर वरचं टोक ९८.०० वर येतं. मग १२ आणि ७९ दोन्ही बाजूने लागावे लागतात, २३, ४१, ६७ अनुकूल निघावे लागतात, ५६ टिकावा लागतो आणि कटऑफ तसूभरही चढता कामा नये. तेव्हा पुढच्या परीक्षेच्या तयारीला लागावं. चौथं निघालं, तर हरकतीची मुदत संपण्याआधी प्रश्न १२ ची हरकत संदर्भग्रंथाच्या पानासह दाखल करावी आणि अंतिम उत्तरतालिका येईपर्यंत पुढच्या टप्प्याचा अभ्यास थांबवू नये.