तिसऱ्या दशांश स्थळातली गळती

हे म्युच्युअल फंडाचं स्टेटमेंट बघा, आणि त्यावर फिरणारं बोट बघा. वरून खाली, परत वर. शोधतंय काय, तर वर्षभरात फंडाने आपल्याकडून खर्चापोटी किती घेतले तो आकडा, आणि तो या पानावर नाहीच! कारण हे पैसे आपल्या खात्यातून जात नाहीत, फंडाच्या आतल्या आत कापले जातात.

आता ही एक्सेल शीट. मार्केट बंद झालं की फंडाकडच्या सगळ्या शेअर्सची त्या दिवशीच्या भावाने किंमत काढतात, हातातली कॅश मिळवतात, देणी वजा करतात, आणि त्या देण्यांमध्येच हळूच एक ओळ असते, आजचा खर्च. म्हणजे मॅनेजरची फी, हिशोब ठेवणाऱ्यांची फी, काही फंडांत विकणाऱ्याचं कमिशनपण. उरलेल्याला लोकांकडे असलेल्या एकूण युनिट्सनी भागलं की एनएव्ही, म्हणजे एका युनिटची किंमत.

कॅमेरा जरा जवळ नेऊ. एनएव्ही 50, आणि एक्सपेन्स रेशो, म्हणजे वर्षाचा हा खर्च टक्क्यांत, दीड टक्का. 50 चे दीड टक्के म्हणजे पाऊण, भागिले 365, रोजचे साधारण 0.002. दिसलं? तिसऱ्या दशांश स्थळावर. मार्केट एका दिवसात यापेक्षा शंभरपट इकडेतिकडे होतं, मग हे कोणाच्या लक्षात येणार. आणि ज्या वर्षी फंड तोट्यात असतो त्या वर्षीही ही कात्री चालूच असते, हे मला जास्त खटकतं.

एक गोष्ट मात्र नीट ऐका, फंडाचे जे रिटर्न्स छापलेले असतात ते हा खर्च वजा करूनच असतात, त्यातून परत वजा करू नका. शेअर्स घेता-विकताना फंडाला लागणारी दलाली सहसा या रेशोत धरत नाहीत, ती वेगळी.

आता दोन कॉलम. एकाच इंडेक्समागे चालणारे दोन फंड, आत तेच शेअर्स, दोन्हींत 1 लाख. खर्चाआधी वर्षाला 10 टक्के वाढ धरली, एकाचा खर्च अर्धा टक्का, दुसऱ्याचा दीड, म्हणजे हातात साडेनऊ आणि साडेआठ. पहिल्या वर्षी फरक फक्त 1,000. खाली स्क्रोल करू... दहावं वर्ष, फरक 21,700 च्या आसपास. कापलेल्या पैशावर जी वाढ झाली असती तीपण गेली ना, म्हणून फरक दरवर्षी फुगत जातो. विसाव्या वर्षी तो 1 लाखाच्या वर जातो, म्हणजे जेवढे टाकले होते त्याहून जास्त.

तिसावं वर्ष. डावीकडे 15.22 लाख, उजवीकडे 11.56.

बोट इथे थांबतं.