सूर्यामागे फिरणाऱ्या रांगा: शिरोळच्या काळ्या मातीतला हिशेब

(दृश्य: पहाट, प्रकल्पाचे विहंगम चित्र, सर्व पॅनेल आडवी)

शिरोळ तालुक्यात, उसाच्या फडांच्या मधोमध, क्षारपड झाल्यामुळे पीक न देणाऱ्या जमिनीवर 5 मेगावॉटचा हा सौर प्रकल्प उभा आहे. प्रत्येक रांग उत्तर-दक्षिण पसरलेली असून तिची लांबी सुमारे 95 मीटर आहे, आणि तिच्यातील 84 पॅनेल एकाच पोलादी नळीवर बसवलेली आहेत. या नळीला टॉर्क ट्यूब म्हणतात. अशा 108 रांगा येथे आहेत आणि प्रत्येक रांगेला दिवसभर सूर्यामागे फिरवणारी स्वतःची मोटर आहे. अशा फिरत्या ढाच्याला ट्रॅकर म्हणतात. म्हणजे स्थिर ढाच्याच्या प्रकल्पात जिथे एकही भाग हलत नाही, तिथे या शेतात 108 यंत्रे रोज सकाळ-संध्याकाळ आपले काम चोख करतील, यावर सारा हिशेब उभा आहे.

(दृश्य: वेगवान चित्रण, सकाळी साडेसहा ते साडेनऊ)

सूर्य उगवल्याबरोबर पॅनेल थेट पूर्वेकडे तोंड करतील अशी आपली समजूत असते. प्रत्यक्षात ती अजून जवळजवळ आडवीच आहेत. सूर्य क्षितिजाजवळ असताना सर्व रांगा पूर्वेकडे उभ्या राहिल्या, तर पुढच्या रांगेची सावली मागच्या रांगेवर पडेल आणि वीज वाढण्याऐवजी घटेल. म्हणून कंट्रोलर दोन रांगांमधील अंतर आणि सूर्याची उंची यांवरून सावली टाळणारा कोन काढतो, आणि सूर्य वर येऊ लागतो तशी पॅनेल उलट पूर्वेकडे कलत जातात. याला बॅकट्रॅकिंग म्हणतात. सूर्य पुरेसा वर आला, की तिथून पुढे रांग त्याच्या मागोमाग पश्चिमेकडे वळू लागते. ही हालचाल सलग नसते: मोटर काही सेकंद चालते, रांग अंशभर सरकते आणि काही मिनिटे थांबते. जवळ उभे राहिल्यास गिअरचा एक बारीक करकर आवाज येतो आणि पुन्हा शांतता पसरते.

या हालचालीतून मिळणारी जादा वीज वर्षभर सारखी नसते. कोल्हापूर सुमारे 16.7 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मार्च ते मे या काळात सूर्य माध्यान्ही जवळजवळ डोक्यावर असतो, आकाश बहुधा निरभ्र असते आणि सकाळ-संध्याकाळच्या तासांत फिरत्या रांगा स्थिर पॅनेलांना सहज मागे टाकतात. डिसेंबरात चित्र बदलते. तेव्हा माध्यान्हीचा सूर्य क्षितिजापासून जेमतेम 50 अंशांवर, दक्षिणेकडे झुकलेला असतो, आणि पूर्व-पश्चिम फिरणारी रांग दक्षिणेकडे कलू शकत नसल्यामुळे दुपारच्या दोन-तीन तासांत दक्षिणाभिमुख स्थिर पॅनेल तिच्यापेक्षा जास्त वीज देते. पावसाळ्यात ढगांमधून प्रकाश सर्व दिशांनी पसरून येतो, त्यामुळे फिरण्याला फारसा अर्थच उरत नाही आणि आडवे पडून राहणे हेच शहाणपणाचे ठरते. याच कारणाने गगनबावडा किंवा राधानगरीच्या बाजूला ट्रॅकर लावण्याचा सल्ला आम्ही देणार नाही. शिरोळ-हातकणंगल्याचा कमी पावसाचा पट्टा वेगळा आहे.

(दृश्य: खांब आणि बेअरिंग, अगदी जवळून)

खर्चाचा विषय निघाला, की सर्वांच्या मनात मोटर येते. पण मोटर आणि तिचा गिअर बदलता येतो आणि तो एका दिवसाचा उद्योग असतो. या मातीत खरी काळजी खांबांची घ्यावी लागते. काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. स्थिर ढाच्याचा एखादा खांब दोन-तीन सेंटिमीटर वर आला तरी कोणाला कळतही नाही, मात्र 95 मीटरची नळी ज्या बेअरिंगांतून जाते ती सगळी एका रेषेत असावी लागतात. एक खांब उचलला गेला की नळी त्या ठिकाणी घासू लागते, मोटरला जास्त जोर लावावा लागतो आणि तिचा विद्युतप्रवाह वाढतो. ऑक्टोबरच्या नोंदींत शेजारच्या रांगांपेक्षा एखाद्या रांगेची मोटर सातत्याने जास्त प्रवाह घेत असेल, तर गिअर उघडण्यापूर्वी खांबांची पातळी मोजावी. म्हणूनच येथील खांब फुगणाऱ्या थराच्या खालपर्यंत ठोकले आहेत आणि सगळे ठोकण्याआधी काही खांब ठोकून, ते उपसून पाहण्याची चाचणी घेतली आहे. क्षारांमुळे जस्ताचा लेप लवकर झिजतो, त्यामुळे तो नेहमीपेक्षा जाड घ्यावा लागला.

(दृश्य: एप्रिलमधील दुपार, पश्चिमेला काळे ढग)

हा वळीव आम्हाला योगायोगाने टिपता आला. खांबावरील वाऱ्याच्या यंत्राने ठरवलेली मर्यादा ओलांडली आणि सर्व रांगा सुरक्षित कोनाकडे वळू लागल्या. या वळण्याला काही मिनिटे लागतात आणि वळवाचा झोत तेवढी सवड देतोच असे नाही. त्यामुळे मर्यादा मुद्दाम कमी ठेवली जाते आणि त्यापायी थोडी वीज बुडते. शिवाय आपल्याकडे वारा सुटला की सर्वात आधी लाईन जाते. म्हणून प्रत्येक कंट्रोलरला स्वतःचे छोटे पॅनेल आणि बॅटरी आहे. ती बॅटरी मेलेली असेल, तर रांग दुपारच्या तिरप्या कोनात अडकते आणि तिच्या मोकळ्या टोकांना पीळ बसतो.

(दृश्य: सकाळी आठ, एक रांग उलट्या दिशेला)

ही एकोणचाळिसावी रांग आदल्या संध्याकाळी पश्चिमेकडे तोंड करून थांबली. संपूर्ण प्रकल्पात तिचा वाटा एका टक्क्याहून कमी आहे. तिची तिसरा हिस्सा वीज बुडाली तरी एकूण आकड्यातली घट धुळीच्या नावावर खपून जाते, आणि त्याच वेळी तिची वर उचललेली कड शेजारच्या रांगेवरही सावली टाकते. देखरेखीवरचे दादा रोज एक फेरी मारतात. ते म्हणतात, ‘‘मोबाईल बघायच्या आधी मी भुई बघतोय. सगळ्या सावल्या एकसारख्या पडल्या न्हाईत, की तिथं रांग अडकली म्हणायचं.’’ त्या दिवशी उंदराने कंट्रोलरची वायर कुरतडली होती. दुरुस्तीला अर्धा तास लागला.

(दृश्य: कार्यालयातील वही)

आता पैशांचे. गृहीत धरू, की स्थिर पॅनेलांनी वर्षाला 75 लाख युनिट दिली असती आणि ट्रॅकरमुळे त्यांत 15 टक्के, म्हणजे 11.25 लाख युनिट वाढ होते. युनिटला 3 रुपये दराने ते पावणेचौतीस लाख होतात. त्यातून जादा देखभालीचे 5 लाख आणि रांगांमधील वाढीव अंतरासाठी लागणाऱ्या 2 हेक्टरचे, हेक्टरी सव्वा लाखाप्रमाणे, अडीच लाख भाडे वजा केले की सव्वासव्वीस लाख उरतात. ट्रॅकरचा जादा खर्च 2 कोटी धरला, तर व्याज न मोजता तो साडेसात वर्षांहून थोड्या अधिक काळात फिटतो. वाढ 12 टक्क्यांवर आली, की हाच काळ दहा वर्षांच्या पुढे जातो. 15 आणि 12 यांमधला हा फरक घडवायला थांबलेल्या रांगा, सावध मर्यादेने बुडालेल्या दुपारी आणि बंद पडलेला फीडर एवढे पुरेसे असतात. करार 25 वर्षांचा असल्याने दोन्ही स्थितींत गणित बसते, पण कर्जाचे हप्ते पहिल्या दहा वर्षांतच असतात. जमीन देणाऱ्या शेतकऱ्याला मात्र भाडे तेवढेच मिळते, पॅनेल फिरोत की न फिरोत.

(दृश्य: सायंकाळ, शेजारच्या शेतातील पंप)

साडेपाच वाजले आहेत. स्थिर पॅनेलांची वीज एव्हाना ओसरली असती. इथल्या रांगा पश्चिमेकडे वळलेल्या आहेत आणि पाटाला अजून पाणी आहे. सूर्य आणखी खाली आला, की सकाळचाच क्रम उलटा सुरू होईल, सावली चुकवत पॅनेल पुन्हा आडवी होतील, आणि दादा शेवटची फेरी मारून एकोणचाळिसाव्या रांगेचा कोन वहीत लिहून ठेवतील.